लाल वीट, फ्लाय अॅश की एएसी ब्लॉक? आधी पाण्याचं बोलू

पत्र: दादा नमस्कार. जळगावजवळ प्लॉट आहे, त्यावर तळमजला अधिक एक असं घर चाललंय, बाहेरून २५ बाय ३३ फूट. आरसीसीचा सांगाडा उभा झाला, पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत नेलाय, प्लिंथ बीम पण आहे. आखाजी झाली की भिंतींचं काम सुरू. आता घरात तीन पार्ट्या पडल्यात. वडील म्हणतात "लाल वीटनंच घर जोयजे", मिस्तरी म्हणतो राखेची फ्लाय अॅश वीट घ्या, आणि मला हलके, फुगवलेले एएसी ब्लॉक लावायचेत कारण पश्चिमेची बेडरूम मे महिन्यात झोपू देत नाही हा आत्ताच्या घराचा अनुभव आहे. भाव असे मिळालेत: लाल वीट ८ रुपये, फ्लाय अॅश ६ रुपये, ब्लॉक ३,८०० रुपये घनमीटर, सगळं साइटवर पोच. सिमेंट ३७० ला गोणी, रेती ५,००० ब्रास, ब्लॉकचा तयार मसाला ४० किलोची गोणी ४०० ला. मिस्तरीने ब्लॉकचं काम आजवर एकदाच केलंय आणि ते तडकलं असं तोच सांगतो. काय करू?

उत्तर:

भाऊ, तुमच्या मिस्तरीचं ते तडकलेलं एक काम आहे ना, माझ्यासाठी पूर्ण पत्रात तीच सगळ्यात कामाची ओळ आहे. ते का तडकलं हे कळलं की निम्मा निर्णय झाला समजा.

आधी एक गोष्ट बाजूला काढून टाकू. तुमचं घर कॉलम-बीमवर उभं आहे, त्यामुळे वजन सांगाडा घेतो आणि भिंत नुसती मधली जागा भरते. मग "ब्लॉक कच्चा असतो, नखाने खरवडला जातो" ही जी भीती घालतात ती तुमच्या घराला तितकी लागू नाही. भिंतीवरच स्लॅब टेकवायचा असता तर मी सरळ चांगली भाजलेली वीट घ्या म्हटलं असतं आणि पत्र तिथंच संपलं असतं. उलट बाजूने, ब्लॉक हलका म्हणून लोखंड खूप वाचतं असं दुकानदार सांगेल, तर तुमचा सांगाडा ओतून झालाय, आणि दोन मजली घरात तसंही कॉलमला कमीत कमी जेवढी सळई घालावीच लागते तेवढीच बहुतेक पडते, त्यामुळे ते गणित उंच बिल्डिंगचं आहे, आपलं नाही.

आता पैसे बघू, म्हणजे डोक्यातून जातील. घराचा घेर ११६ फूट, दोन मजले दहा-दहा फुटांचे, म्हणजे २,३२० चौरस फूट. दारं-खिडक्या वजा करून बाहेरच्या भिंती २,००० चौरस फूट धरा. ९ इंची भिंतीला तुटफूट धरून चौरस फुटाला १० विटा लागतात, म्हणजे २० हजार विटा. लाल विटेचे झाले १ लाख ६० हजार, फ्लाय अॅशचे १ लाख २० हजार. दोन्हीला एकास सहाचा मसाला जवळपास सारखाच लागतो, साधारण ५२ गोणी सिमेंट आणि ४ ब्रास रेती, ते आणखी ३९ हजार. ८ इंची ब्लॉक तुटीसकट ३९ घनमीटर लागतील, म्हणजे १ लाख ४८ हजार, आणि तयार मसाल्याच्या ३४ गोणी धरल्या तर साडेतेरा हजार. तर लाल वीट दोन लाखाच्या घरात जाते आणि फ्लाय अॅश नि ब्लॉक दोन्ही एक लाख साठच्या आसपास येऊन बसतात. ब्लॉकला आतून गिलावा पातळ चालतो तिथं थोडं वाचेल, पण जाळी आणि मधला काँक्रीटचा पट्टा यात ते परत जाईल. म्हणून ब्लॉक स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, घ्यायचा तर उन्हासाठी घ्या.

ऊन म्हणाल तर तुमचं म्हणणं खरं आहे. ९ इंची विटेची भिंत, लाल असो की फ्लाय अॅशची, दुपारचं ऊन पिऊन घेते आणि सात-आठ तासांनी आत सोडते, म्हणून चारच्या उन्हाने तापलेली पश्चिमेची भिंत रात्री अकराला पाठीला चटका देते. ८ इंची ब्लॉकमध्ये सगळे हवेचे बुडबुडे, त्यामुळे त्यातून साधारण अडीच पट कमी उष्णता आत येते. पण हे भिंतीपुरतं बरं का. वरच्या मजल्यावर खरा तवा म्हणजे गच्ची, दिवसभर ऊन तिच्याच डोक्यावर असतं, आणि ती उघडी ठेवून नुसते ब्लॉक लावले तर मे महिन्यात तुम्ही मलाच शिव्या द्याल. गच्चीवर उतार करून वरून पांढरी चायना मोझॅक बसवा, ते नाही जमलं तर दर उन्हाळ्याच्या आधी चुना तरी मारा.

आता मूळ मुद्दा, पाणी. या तिन्ही मालांचं पाण्याशी वागणं वेगवेगळं आहे आणि आपले मिस्तरी तिन्हींना एकच वागणूक देतात, लाल विटेची. माझ्या बहिणीच्या घराचंच सांगतो. भर मे महिन्यात ब्लॉकचं काम, मी तेव्हा दुसऱ्या गावी साइटवर, आणि मिस्तरी जुना अनुभवी माणूस, लाल विटेच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने ब्लॉक आले तसे हौदात टाकले, भिजवून भिजवून लावले, वर रोज पाईपने पाणी मारलं आणि मग एकास चारचा दणकट गिलावा चढवला. सगळ्यांना वाटलं काम एक नंबर. दिवाळीत रंग द्यायला गेले तर प्रत्येक कॉलमच्या कडेने सरळ उभी चीर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा, आणि गिलाव्यावर टकटक केलं की जागोजागी पोकळ आवाज. माल खराब नव्हता. पाणी चुकलं होतं.

लाल वीट भट्टीतून भाजून निघालेली असते, तिचं जे आकसायचं ते तिथंच आकसून झालेलं असतं. ती तहानलेली असते फक्त. कोरडी लावली तर मसाल्यातलं पाणी ओढून घेते, सिमेंट उपाशी राहतं आणि दोन विटांमधल्या सांध्यातली, म्हणजे दर्जेतली, रेती बोटाने सुटते. म्हणून ती बुडबुडे थांबेपर्यंत भिजवायची, वर सात दिवस पाणी मारायचं, जास्त पडलं तरी तिचं काही बिघडत नाही. हे मिस्तरीच्या हातात पिढ्यान् पिढ्या बसलंय आणि वडिलांचा तिच्यावरचा भरवसा त्यातूनच आलाय, तो काही वेडेपणा नाही.

तिचा त्रास आपल्याकडे वेगळा आहे. आपल्या मातीत चुनखडीचे खडे असतात, भट्टीत भाजले की त्यांचा कळीचा चुना होतो, आणि पुढे गिलाव्याची ओल लागली की तो फुगून आतून ढपली उडवतो, मध्ये पांढरा ठिपका दिसतो. तर लाल वीट कुठंही घ्या, आधी दहा-बारा विटा वेगवेगळ्या थरांतून काढा, चोवीस तास पाण्यात ठेवा आणि मग दोन-तीन दिवस नुसत्या बाहेर ठेवून बघा. ठिकऱ्या उडाल्या तर ती भट्टी सोडा. त्याच वेळी वजन पण करा, कोरडी वीट २ किलो ९०० ग्रॅम असेल तर चोवीस तास भिजल्यावर साडेतीन किलोच्या वर जायला नको, गेली तर कच्ची भाजलेली आहे.

फ्लाय अॅश वीट भाजत नाहीत. आपल्याला भुसावळचं दीपनगर वीज केंद्र जवळ, राख तिथून येते, त्यात दगडाची कच, आणि बांधायला सिमेंट किंवा चुना-जिप्सम, मशीनमध्ये दाबून काढतात. म्हणजे तिला ताकद येते ती ओल्या दिवसांतून, सिमेंटसारखीच, आणि राखेचं काम हळू चालतं म्हणून तिला दोन-तीन आठवडे तरी पाणी मिळायला हवं. गडबड होते ती इथंच. उन्हाळ्यात मागणी जोरात असते, कारखान्यात पाणी कमी, आणि पाच-सहा दिवसांची वीट गाडीत चढते. हाताला ती छान गुळगुळीत, काटकोन पक्का, पण राहिलेलं आकसणं ती तुमच्या भिंतीत जाऊन करते. लोक मग म्हणतात फ्लाय अॅशला गिलावा धरत नाही.

तर कारखान्यात स्वतः जा, कुठला चट्टा कुठल्या तारखेचा ते विचारा, ओल्या चट्ट्यातला माल घेऊ नका, निदान तीन आठवडे झालेला आणि मग सुकलेला घ्या. चट्ट्यातली एक वीट उचलून कोपरा अंगठ्याने दाबा, भुगा पडला तर नको. दोन एकमेकींवर आपटा, ठस्स आवाज आला तर नको. लावताना तिला हौदात बुडवायची नाही, वरून पाणी शिंपडून अंग ओलं करायचं एवढंच. आणि तिचं तोंड गुळगुळीत असतं म्हणून मसाला ओला असतानाच दर्जा अर्धा इंच खोल उकरून ठेवायच्या, गिलाव्याच्या आधी सिमेंट-रेतीचं पातळ पाणी झाडूने फटकारायचं, म्हणजे धरायला खरखरीतपणा येतो. हे केलं तर ती चांगली वीट आहे, मी माझ्या कामात ती बरीच वापरतो.

आता ब्लॉक. राख किंवा वाळू, सिमेंट, चुना आणि चिमूटभर अॅल्युमिनियमची पावडर, तिच्यामुळे वायू सुटून ढोकळ्यासारखं पीठ फुगतं, मग तारेने कापून दाबाच्या वाफेत शिजवतात. शिजून निघतो तेव्हा त्याच्या पोटात भरपूर पाणी असतं. ते सुकताना तो आकसतो, आणि चांगल्या ग्रेडच्या ब्लॉकलाही भारतीय मानकात ०.०५ टक्के आकसायची मुभा आहे. ऐकायला काहीच नाही. पण तुमच्या दोन कॉलममधली १५ फुटांची भिंत धरा, तर सव्वादोन मिलिमीटर झाले, एवढी चीर लांबून दिसते. विटेच्या भिंतीत एवढंच आकसणं झालं तर ते शेकडो मऊ दर्जांत वाटलं जातं आणि कोणाला कळतही नाही, ब्लॉकला दर्ज तीन मिलिमीटरची, ती पण गोंदासारखी घट्ट, त्यामुळे सगळं ओढणं एका जागी गोळा होतं आणि ती जागा म्हणजे कॉलमची कड नाहीतर खिडकीचा कोपरा. तुमच्या मिस्तरीचं काम कुठं तडकलं होतं ते विचारा त्याला, मी पैज लावतो तो याच दोन जागा सांगेल.

म्हणून ब्लॉकचं आकसणं भिंतीत जायच्या आधी होऊन गेलं पाहिजे. आपला उन्हाळा इथं कामाला येतो, बाकी वेळी त्याला नावं ठेवतो ती गोष्ट वेगळी. माल भिंतीच्या तीन-चार आठवडे आधी मागवा, जमिनीवर नाही तर फळ्यांवर, मध्ये बोटभर फटी ठेवून रचा, वरून ताडपत्री टाका पण बाजू उघड्या राहू द्या, वारा फिरला पाहिजे. दोन-तीन ब्लॉकवर खडूने खूण करा आणि वजनकाट्यावर वजन लिहून ठेवा. ६०० बाय २०० बाय २०० चा ब्लॉक पूर्ण कोरडा साधारण साडेतेरा ते साडेपंधरा किलो असतो, ताजा आला तर तो अठरा-एकोणीस पण भरेल. दर आठवड्याला परत तोलायचा, वजन उतरायचं थांबलं की भिंत सुरू करायची. यात ना लॅब लागते ना इंजिनियर, किराणा दुकानाचा काटा पुरतो.

लावताना ब्लॉक भिजवायचा नाही. ओल्या ब्रशने किंवा फडक्याने जोडायच्या तोंडावरची धूळ पुसायची, बस. सगळ्यात खालचा थर तेवढा सिमेंट-रेतीच्या मसाल्यात लेव्हल करून घ्यायचा, वरचे तयार मसाल्यात. पण मे महिन्यात तो मसाला घमेल्यात धरून बसतो, म्हणून अर्धी गोणी एकदम कालवायची नाही, थोडा थोडा कालवायचा आणि काम सकाळी सहा ते अकरा नि मग चारनंतर करायचं. घट्ट झाला म्हणून वरून पाणी ओतून परत हलवतात ना, ते दिसलं की तिथल्या तिथं फेकायला लावा. या भिंतीला रोज पाईपने पाणी मारायची गरज नाही, आणि मिस्तरीच्या जिवाला हेच सगळ्यात जड जाईल. त्याला आळस केल्यासारखं वाटतं.

भिंत वर बीमला ठासून भिडवायची नाही, अर्धा इंच फट ठेवायची आणि आठ-दहा दिवसांनी, भिंत बसली की मग भरायची. खिडकीच्या तळाच्या उंचीवर तीन इंचांचा काँक्रीटचा पट्टा, त्यात आठ मिलिमीटरच्या दोन सळया, या कॉलमपासून त्या कॉलमपर्यंत. कॉलम आणि ब्लॉक जिथं भेटतात तिथं, बीमखाली सुद्धा, गिलाव्याआधी जाळी ठोकायची, दोन्हीकडे सहा-सहा इंच जाईल अशी. लाईटच्या पाईपसाठी छन्नी-हातोडा नाही, कटर मशीनने दोन रेघा मारून मधलं काढायचं, आडव्या लांब खाचा तर टाळाच. आणि गिलावा घाईने नको, भिंत उभी झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग भिंत नुसती ओलसर करून आतून अर्धा इंच, एकास सहाचा. मिस्तरी म्हणेल एकास चार मजबूत होतो. होतो, पण मागचा ब्लॉक मऊ आहे, कडक गिलावा आकसताना त्याची सालच ओढून काढतो आणि तो पोकळ आवाज येतो. बाहेरून मात्र दोन हातात, पाऊणेक इंच, वॉटरप्रूफ पावडर घालून.

एवढं सगळं मिस्तरी करेल का? तुमच्या पत्रावरून मला माणूस बरा वाटला, स्वतःचं तडकलेलं काम सांगतो म्हणजे लपवणारा नाही. त्याला हे घेऊन बसा. तो म्हणाला करतो, तर बाहेरच्या चारही भिंती ८ इंची ब्लॉकच्या करा. नुसती पश्चिमेची ब्लॉकची आणि बाकी विटेच्या असं करायचं असेल तर तेही चालतं, फक्त दोन मालांचा सांधा कॉलमवर येऊ द्या, भर भिंतीत नको, तिथं चीर ठरलेली.

बाथरूम-संडासच्या भिंती आणि किचन ओट्यामागची भिंत मात्र फ्लाय अॅशमध्ये घ्या. ब्लॉक ओलाव्याला धरून ठेवतो आणि एखादा नळ आतून झिरपला की शेजारच्या खोलीत ओल उमटते, शिवाय गिझर, ट्रॉलीची कपाटं असलं वजन टांगायला ब्लॉकला वेगळे लांब फास्टनर लागतात आणि प्लंबर ते कधीच आणत नाही. साधा खिळा तर त्यात उभाही राहत नाही.

आणि मिस्तरीने तोंड वाकडं केलं, "भिजवल्याशिवाय मी लावत नाय" म्हणाला, तर भांडू नका. सगळ्या घराला मुरलेली फ्लाय अॅश घ्या, पश्चिमेच्या खिडक्यांवर दोन फुटांचा छज्जा काढा, बाहेरून त्या भिंतीला फिका रंग द्या आणि गच्चीचं आधी सांगितलेलं काम चुकवू नका. चुकीच्या हाताने लावलेल्या ब्लॉकपेक्षा ते घर दहा वर्षांनी चांगलं दिसेल, थोडं गरम असेल इतकंच.

राहिले वडील. त्यांना गच्चीचा कठडा आणि पुढचा ओटा लाल विटेत करून द्या, घराच्या मानाने थोड्या विटांचं काम आहे, भट्टीवर निवडायला त्यांनाच घेऊन जा, विटेवर वीट वाजवून खणखणीत आवाज ओळखायचं काम तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना चांगलं जमेल. आणि ब्लॉकवाल्या दिवसांत मिस्तरीचा हौद रिकामा ठेवायला लावलाय ना, तो त्या दिवशी भरून द्या, या विटा रात्रभर बुडवूनच लावायच्या.